व्याख्यानाच्या व्हिडिओतून पॉडकास्टचा भाग: वाक्याचा शेवट सांभाळत केलेलं संपादन

"बोअर खोल घेतला म्हणजे पाणी लागतंच असं नाही." आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत भूजलाचे एक निवृत्त प्राध्यापक हे वाक्य बोलले होते. त्या व्याख्यानाचा पहिला ऑडिओ भाग मी तयार केला तेव्हा त्यात हे वाक्य "बोअर खोल घेतला म्हणजे पाणी लागतंच" असं ऐकू येत होतं. शेवटचं "असं नाही" वक्ते जवळजवळ पुटपुटले होते आणि गोंगाट काढायच्या भरात मी ते गोंगाटाबरोबरच काढून टाकलं होतं. ऐकणाऱ्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "सर खरंच असं म्हणाले का?" भाग मागे घेतला आणि सगळं काम पहिल्यापासून केलं.

मराठी बोलण्यात क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली गेलेला असतो. ऑडिओ स्वच्छ करायची बहुतेक साधनं "मोठा आवाज म्हणजे बोलणं, लहान आवाज म्हणजे गोंगाट" या हिशेबाने चालतात. त्यामुळे सगळ्यात आधी मार बसतो तो "आहे", "नाही", "नसतो" यांना. खाली दिलेल्या पायऱ्यांचा क्रम आणि आकडे हे ध्यानात ठेवूनच ठरवलेले आहेत. उदाहरण त्याच व्याख्यानाचं घेतो: मूळ व्हिडिओ ९१ मिनिटांचा, तयार झालेला भाग साधारण तासाभराचा. साधनं दोनच, टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून चालवायचं एफएफएमपेग आणि आवाजाचं संपादन करायचं ऑडॅसिटी. दोन्ही मोफत आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतात.

मूळ फाइल आणि परवानगी

कॅमेऱ्याच्या कार्डावरची फाइलच मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली किंवा कुठे चढवून पुन्हा उतरवलेली प्रत घेऊ नका. दर वेळी आवाज पुन्हा आवळला जातो, त्यात 'स', 'श', 'च' यांची धार बोथट होते आणि ती नंतर कशानेही परत आणता येत नाही. कॅमेरावाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जाणं हाच सरळ मार्ग.

वक्त्यांची परवानगी लेखी घ्या, साधा संदेश चालेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'परफॉर्मर'च्या व्याख्येत व्याख्यान देणारी व्यक्तीही येते, त्यामुळे सभागृह आपलं होतं एवढ्यावर आवाज आपला होत नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावलेलं स्वागतगीत किंवा मध्ये वाजवलेली चित्रपटगीतं मात्र सरळ काढून टाका, त्यांचे हक्क तिसऱ्याच कुणाकडे असतात.

आवाज बाहेर काढण्याआधी तो कसा आहे ते पाहा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. टर्मिनल उघडून फाइल असलेल्या फोल्डरमध्ये जा आणि एफएफएमपेगबरोबरच येणारं हे साधन चालवा:

```
ffprobe -hide_banner vyakhyan.mp4
```

उत्तरात `Audio:` असलेली ओळ शोधा. आमच्या फाइलमध्ये तिथे `aac`, `48000 Hz`, `stereo` असं होतं. यातलं `stereo` वाचून आपल्याला वाटतं की डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज असेल. सभागृहातल्या चित्रीकरणात तसं क्वचितच असतं. बहुतेक वेळा एका चॅनलवर ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून वायरीने घेतलेला आवाज असतो आणि दुसऱ्यावर कॅमेऱ्यावरच्या माइकचा. आमच्याकडे डावा चॅनल मिक्सरचा होता, म्हणजे व्यासपीठावरचा माइक थेट, आणि उजवा सभागृहाच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्याचा.

हे दोन चॅनल एकत्र मिसळायचे नाहीत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्पीकरपासून कॅमेरा १२ मीटरवर असेल तर कॅमेऱ्याच्या माइकवर तोच शब्द सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की प्रत्येक शब्दाला सावली पडते, आणि बोलणं हौदात तोंड घालून केल्यासारखं पोकळ वाटतं. फोनवर ऐकण्यासाठी फाइल मोनो करायचा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यासाठी `-ac 1` हा पर्याय सांगितला जातो. तो पर्याय हेच मिश्रण करतो. म्हणून आवाज काढताना त्याला हात लावू नका:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vn -c:a pcm_s24le vyakhyan.wav
```

यात `-vn` म्हणजे चित्र नको आणि `pcm_s24le` म्हणजे आवाज २४ बिटच्या, न आवळलेल्या वेव्ह स्वरूपात ठेव. थेट एमपीथ्री का काढायची नाही? कारण शेवटी एमपीथ्री करायचीच आहे आणि एकदा आवळलेला आवाज संपादन करून पुन्हा आवळला की दोन्ही वेळचं नुकसान एकावर एक चढतं. वेव्ह फाइल मोठी होते, दर चॅनलला मिनिटाला ८.६४ एमबी. ९१ मिनिटांचे दोन चॅनल म्हणजे दीड जीबीच्या जरा वर. तेवढी जागा करून ठेवा.

कार्डाच्या मर्यादेमुळे काही कॅमेरे लांब चित्रीकरणाच्या दोन-तीन फाइली पाडतात. तसं असेल तर `yadi.txt` नावाच्या फाइलमध्ये क्रमाने एकेका ओळीत `file 'bhag1.mp4'`, `file 'bhag2.mp4'` असं लिहा आणि हे चालवा:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i yadi.txt -vn -c:a pcm_s24le vyakhyan.wav
```

सांधा जिथे आला ती जागा नंतर कान देऊन ऐका. कधी तिथे अर्धं अक्षर गायब असतं, मग ते वाक्यच काढावं लागतं.

ऑडॅसिटीत उघडा आणि न कापता एकदा पूर्ण ऐका

वेव्ह फाइल ऑडॅसिटीत आणा. ट्रॅकच्या नावावरच्या मेन्यूतून `Split Stereo to Mono` निवडा, म्हणजे दोन्ही चॅनल एकाखाली एक स्वतंत्र ट्रॅक होतील. त्यांना "मिक्सर" आणि "सभागृह" अशी नावं द्या. मग एकेक ट्रॅक `Solo` करून प्रत्येकी दोन मिनिटं ऐका.

मिक्सरच्या चॅनलवर पहिल्यांदा तपासायची गोष्ट म्हणजे आवाज फाटला आहे का. `View` मेन्यूतलं `Show Clipping in Waveform` सुरू केलं की जिथे आवाज कमाल मर्यादेला भिडला तिथे लाल रेघा दिसतात. जवळ जाऊन पाहिलं तर लहरीचे शेंडे सुरीने कापल्यासारखे सपाट असतात. आमच्याकडे व्याख्यानाच्या पहिल्या तीन मिनिटांत अशा रेघा होत्या, मग ध्वनिक्षेपकवाल्याने बटण खाली घेतलेलं असावं. सुट्या, थोड्या रेघांवर `Clip Fix` उपयोगी पडतं, तेवढाच भाग निवडून चालवायचं. सबंध व्याख्यानभर रेघाच रेघा असतील तर तो चॅनल सोडून द्या आणि सभागृहाच्या चॅनलवर काम करा. घुमणारा आवाज सहन होतो, फाटलेला होत नाही. एक फसवी परिस्थितीही असते: आवाज मिक्सरमध्येच फाटतो आणि मग कमी पातळीवर कॅमेऱ्यात येतो. तेव्हा लाल रेघा दिसत नाहीत, फक्त कानाला चरचर जाणवते.

आता पूर्ण ९१ मिनिटं ऐका आणि काहीही कापू नका. फक्त खुणा करा. ऐकता ऐकता `Ctrl+M` दाबलं की त्या क्षणावर लेबल पडतं, त्यात दोन शब्द लिहायचे. माझ्या खुणा अशा होत्या: "दीपप्रज्वलन", "परिचय", "व्याख्यान सुरू", "खोकला", "पडदा बघा", "पुन्हा तेच", "प्रश्न १ माइक नाही", "आभार". हे ऐकणं कंटाळवाणं वाटतं, पण त्यानंतरच कळतं की सुरुवातीची १४ मिनिटं समारंभाची आहेत, व्याख्यान ५६ मिनिटं आहे, प्रश्नोत्तरं १६ आणि आभार ५. वक्त्यांनी २०व्या मिनिटाला सांगितलेली गोष्ट पुढे ४५व्या मिनिटाला "मघाशी म्हटलं तसं" म्हणून येते. आधी न ऐकता कापत गेलात तर ती गोष्ट कापून बसाल आणि संदर्भ लटकता राहील.

घरघर आणि पंखे

गोंगाट कापाकापीच्या आधी काढा, कारण त्यासाठी निव्वळ गोंगाटाचा जो तुकडा लागतो तो बहुतेकदा कापून टाकायच्या भागातच असतो.

पहिलं काम खालच्या घरघरीचं. मिक्सर ट्रॅक निवडून `High-Pass Filter` ८० हर्ट्झवर लावा. टेबलावर हात आपटणं, माइकच्या दांडीला धक्का, "प" आणि "भ" म्हणताना माइकवर आदळणारा वारा, यातलं बरंचसं ८० च्या खाली असतं आणि माणसाचं बोलणं त्याच्या वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे वायरिंगमधली गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींत येते. ५० चं शिखर या गाळणीने खाली येतं, १०० आणि १५० राहतात. `Analyze` मधल्या `Plot Spectrum` मध्ये तिथे सुळके दिसले तरच `Notch Filter` लावा, आणि त्यातला `Q` ३० च्या आसपास ठेवा म्हणजे फट अगदी अरुंद राहते. पुरुषाच्या आवाजाचा पायाच १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे रुंद फट पाडली तर वक्त्यांचा भारदस्त आवाज पत्र्याचा होतो.

मग पंखे. `Noise Reduction` ला आधी निव्वळ गोंगाटाचा नमुना दाखवावा लागतो. तो कुठला घ्यावा हे महत्त्वाचं. कार्यक्रम सुरू होण्याआधीची शांतता घेऊ नका, तेव्हा माइक बंद असतो आणि पंखेही वेगळ्या गतीवर असतात. परिचय करून देणारे खाली बसले आणि वक्ते अजून बोलायला लागले नाहीत, अशा वेळचे दोन-तीन सेकंद शोधा. तेवढा तुकडा निवडून `Get Noise Profile` दाबा, मग पूर्ण मिक्सर ट्रॅक निवडून पुन्हा तीच खिडकी उघडा.

माझे पहिल्या वेळचे आकडे होते २४ डेसिबल आणि सगळ्यात जास्त संवेदनशीलता. पंखा पूर्ण गेला होता, मी खूश होतो आणि "असं नाही" त्यातच गेलं. आता मी `Noise reduction` ला ८, `Sensitivity` ला ५ आणि `Frequency smoothing` ला ३ इथून सुरुवात करतो. ८ डेसिबलने पंखा नाहीसा होत नाही, तो मागे सरकतो. ऐकणाऱ्याला सभागृह आहे एवढं जाणवतं आणि ते खटकत नाही.

या खिडकीत `Residue` नावाचा पर्याय आहे आणि माझ्या मते सगळ्या ऑडॅसिटीतली ही सर्वात कामाची सोय आहे. तो निवडून `Preview` दाबलं की काय उरलं याऐवजी काय काढून टाकलं जाणार आहे तेच ऐकू येतं. `Preview` निवडलेल्या भागाचे सुरुवातीचे काही सेकंदच वाजवतं, म्हणून वक्त्यांचा आवाज खाली जातो अशा दोन-तीन वाक्यांचे शेवट एकेक निवडून हे ऐका. त्यात फक्त पंख्याची सळसळ ऐकू आली पाहिजे. एखादं पुसटसं "आहे" किंवा "नाही" ऐकू आलं तर आकडे खाली आणा. `Residue` ऐकून झाल्यावर पुन्हा `Reduce` निवडायला विसरू नका, नाहीतर पूर्ण ट्रॅकचा फक्त गोंगाट उरेल. बोलण्यात टिंगटिंग किंवा पाण्याखालून आल्यासारखा आवाज येऊ लागला तर तेही जास्त झाल्याचंच लक्षण.

प्रेक्षकांचे प्रश्न

व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणातला सगळ्यात कठीण भाग हाच. प्रश्न विचारणाऱ्याला माइक मिळाला नसेल तर मिक्सरच्या चॅनलवर प्रश्नच नसतो, अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर वक्ते एकदम "हो, अगदी बरोबर" म्हणतात. प्रश्न फक्त सभागृहाच्या चॅनलवर सापडतो. म्हणूनच सुरुवातीला दोन्ही चॅनल वेगळे जपून ठेवले.

सभागृहाच्या ट्रॅकवर फक्त प्रश्नांचे तुकडे ठेवायचे, बाकी सगळं निवडून `Ctrl+L` ने शांत करायचं. मिक्सरच्या ट्रॅकवर नेमकं उलट, प्रश्नांच्या जागा शांत. `Ctrl+L` वेळ तशीच ठेवतं, म्हणून दोन्ही ट्रॅक एकमेकांपासून सरकत नाहीत. एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाण्याची जागा कुणीही बोलत नसतानाची निवडा, नाहीतर ३५ मिलिसेकंदांची ती सावली तिथे ऐकू येते. दोन्ही टोकांना सुमारे ०.३ सेकंदाचे `Fade In`, `Fade Out` द्या, म्हणजे सभागृहाचा घुमारा धाडकन उघडत नाही.

कॅमेऱ्याचे माइक आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतात. टाळ्या पडल्या की ते स्वतःला दाबून घेतात आणि मग सावकाश वर येतात. त्यामुळे टाळ्यांनंतर लगेच आलेल्या प्रश्नाचे पहिले चार-पाच शब्द दबलेले असतात. `Envelope Tool` ने तेवढाच तुकडा वर उचलता येतो. या ट्रॅकच्या गोंगाटाचा नमुना त्याच ट्रॅकवरून आणि त्या प्रश्नाच्या अगदी लगतच्या शांततेतून घ्या, कारण पातळी बदलत असल्याने दहा मिनिटांपूर्वीचा नमुना लागू पडत नाही.

आमच्याकडे सात प्रश्न होते. दोन नीट ऐकू येत होते, ते ठेवले. तीन उचलूनही अर्धवट कळत होते, ते मी स्वतः ध्वनिमुद्रित केले: "प्रेक्षकांमधून प्रश्न आला की शेजारच्याने बोअर घेतल्यावर आपली विहीर आटते का?" आणि मग वक्त्यांचं उत्तर. उरलेले दोन काढले, एक प्रश्न नसून भाषण होतं आणि दुसऱ्यात शेतकऱ्याने स्वतःच्या वाटणीच्या भांडणाची नावानिशी माहिती सांगितली होती. सभागृहात चाळीस जणांसमोर बोललेलं माणूस जगासमोर बोलेलच असं नाही. शंका असेल तिथे मी प्रश्न स्वतःच्या आवाजात घेतो.

कापाकापी

इथून पुढे प्रत्येक काप दोन्ही ट्रॅकमधून एकदमच जायला हवा. `Sync-Lock Tracks` सुरू करून ठेवा.

समारंभाच्या १४ मिनिटांच्या जागी मी ४० सेकंदांचं निवेदन घातलं: वक्ते कोण, कुठे बोलले, कधी, विषय काय. कपडे गच्च भरलेल्या कपाटापुढे फोन वीतभर अंतरावर धरून मुद्रित केलं तर ते पुरेसं स्वच्छ येतं. शाल-श्रीफळ आणि आभार पूर्ण गेले. त्या मंडळींची नावं भागाच्या लेखी माहितीत दिली, तिथे ती शोभतात.

व्याख्यानातून मी ५६ पैकी पाचच मिनिटं काढली. खोकला, पाणी पिणं, पडदा लागेना म्हणून गेलेली दीड मिनिटं आणि एकच उदाहरण चुकून दुसऱ्यांदा आलेलं. "म्हणजे", "तर", "काय होतं की" या आधाराच्या शब्दांना सरसकट हात लावत नाही. एका वाक्यात तीन आले तर दोन काढतो. ते सगळे काढले की वक्ते बातम्या वाचल्यासारखे वाटायला लागतात आणि त्यांचं गाव, त्यांचा वर्ग, सगळं पुसलं जातं.

काप कुठे द्यायचा याचा एकच नियम मी पाळतो: पुढच्या वाक्याआधीचा श्वास पुढच्या वाक्याबरोबर राहू द्या आणि काप त्या श्वासाच्या आधी द्या. मागच्या वाक्याच्या शेवटाला तोवर पूर्ण विरू दिलेलं असतं. लहरीत शब्द संपल्यासारखा दिसतो तिथे तो कानाला संपलेला नसतो, "नाही" मधली "ही" आणखी पाव सेकंद रेंगाळते. ती कापली की वाक्य ठेचकाळतं. टोकं निवडल्यावर `Z` दाबलं की ती लहरीच्या शून्य रेषेवर सरकतात आणि टिचकीसारखा आवाज येत नाही.

मधला खोकला काढून तिथे थांबा ठेवायचा असेल तर निव्वळ शांतता घालू नका. पंखा अचानक बंद पडून सुरू झाल्यासारखं वाटतं आणि हेडफोनवर ते फार जाणवतं. गोंगाट कमी करून झालेल्या ट्रॅकमधूनच पाचेक सेकंदांची सभागृहाची शांतता कॉपी करून बाजूला ठेवा आणि जिथे थांबा हवा तिथे तीच वापरा.

पडद्यावरच्या चित्रांचा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो. "हा बघा, इथून इथपर्यंत" हे ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. आमच्याकडे अशा नऊ जागा होत्या. सहा ठिकाणी ते वाक्य काढूनही अर्थ पूर्ण राहिला. तीन ठिकाणी चित्राशिवाय मुद्दाच कळत नव्हता, तिथे माझ्या आवाजात एकेक वाक्य घातलं: "पडद्यावर विहिरीचा उभा छेद आहे, वर मातीचा थर आणि खाली खडक." ही वाक्यं वक्त्यांना आधी ऐकवली, कारण त्यांच्या तोंडी चुकीचं वर्णन जाऊन चालणार नव्हतं.

`Truncate Silence` नावाची सोय सगळ्या लांब शांतता आपोआप छाटते. मी ती वापरत नाही. तिच्या हिशेबात ठरावीक पातळीच्या खालचं सगळंच शांतता, आणि पुटपुटलेलं "नाही" त्या पातळीच्या खाली असू शकतं. शिवाय चांगला वक्ता प्रश्न टाकून मुद्दाम दोन सेकंद थांबतो. ते थांबणं त्याच्या बोलण्याचाच भाग असतं.

पातळी समान करणं

आता वाक्यांचे शेवट वर आणायचे. आधी दोन्ही ट्रॅक आणि माझं निवेदन कानाला सारख्या उंचीवर आणा. मग `Mix and Render` ने सगळ्याचा एक मोनो ट्रॅक करा, पण त्याआधी प्रकल्प वेगळ्या नावाने साठवा. मिसळल्यावर मागे जाणं अवघड.

त्यावर `Compressor`. हे साधन मोठा आवाज दाबतं आणि मग सगळंच थोडं वर उचलतं, त्यामुळे लहान आवाज तुलनेने मोठे होतात. गुणोत्तर ३:१, दाब किती लवकर बसावा ते `Attack` ५ ते १० मिलिसेकंद, किती वेळात सुटावा ते `Release` २०० च्या आसपास. ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो तो `Threshold` मी उणे २० डेसिबलवरून सुरू करतो आणि जोरात बोललेल्या शब्दांवरच दाब पडेल अशा बेताने वर-खाली करतो. दर वाक्यानंतर पंख्याची सळसळ उसळी मारून वर येत असेल तर दाब जास्त झाला. `Threshold` वर घ्या किंवा `Release` वाढवा. गोंगाट आधीच मागे सारलेला असतो म्हणून हे जमतं, उलट क्रमाने केलं तर आपणच गोंगाट मोठा करून मग त्याच्या मागे लागतो. तरीही दबलेली राहणारी वाक्यं थोडीच असतात. आमच्याकडे अकरा निघाली, ती `Envelope Tool` ने ३ ते ५ डेसिबल हाताने उचलली. "असं नाही" त्यातलंच एक.

शेवटी एकूण पातळी. ती LUFS मध्ये मोजतात, म्हणजे आवाज कानाला सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप. अ‍ॅपलच्या पॉडकास्टसाठीच्या शिफारशीत ती उणे १६ LUFS च्या आसपास आणि शिखरं उणे १ डेसिबलच्या वर नकोत असं आहे. `Loudness Normalization` मध्ये उणे १६ लिहा आणि `Treat mono as dual-mono` ची खूण ठेवा. मोनो आवाज दोन्ही कानांत वाजतो तेव्हा मोजणीत ३ डेसिबलचा फरक पडतो, ती खूण त्याचा हिशेब धरते. ती काढून उणे १६ केलंत तर तुमचा भाग इतरांपेक्षा ठळकपणे मोठा वाजेल. नंतर `Limiter` उणे १.५ डेसिबलवर, म्हणजे एमपीथ्री होताना शिखरं थोडी वाढली तरी मर्यादेत राहतात.

एमपीथ्री मोनो, ९६ केबीपीएस. बोलण्याला एवढं पुरतं आणि तासाभराची फाइल ४३ एमबीच्या आसपास होते, मोबाइल डेटावर ऐकणाऱ्याला परवडणारी. फाइलचं नाव रोमन लिपीत आणि मोकळ्या जागांशिवाय ठेवा, शीर्षक आणि वक्त्यांचं नाव आतल्या टॅगमध्ये देवनागरीत लिहा. तयार फाइल एकदा मोजून घ्या:

```
ffmpeg -i bhag-07.mp3 -af ebur128=peak=true:dualmono=true -f null -
```

शेवटी येणाऱ्या सारांशात `I:` समोर उणे १६ च्या आगेमागे आणि `Peak:` समोर उणे १ किंवा त्याहून खाली आकडा दिसला पाहिजे.

ऐकून पाहणं

चांगल्या हेडफोनवर तुम्ही दिवसभर ऐकलेलं असतं, म्हणून शेवटचं ऐकणं तिथे नको. फोनच्या स्पीकरवर ऐका, स्वयंपाकघरात नळ सुरू असताना ऐका, आवाज निम्म्याहून खाली ठेवून ऐका. अशा वेळी लक्ष फक्त वाक्यांच्या शेवटांवर ठेवायचं. एखादं वाक्य "नाही" वर संपलं की "आहे" वर हे कळलं नाही तर त्या मिनिटाचा आकडा लिहून ठेवा आणि प्रकल्पात परत जा. मी याच्यासाठी घरातल्या अशा माणसाला बसवतो ज्याने व्याख्यान ऐकलेलं नाही, कारण मला वाक्य पाठ असल्याने न ऐकू आलेलाही शब्द ऐकू येतो. दुसऱ्या वेळी बहिणीने दोन जागा दाखवल्या. एके ठिकाणी "पुरत नाही" मधलं "नाही" माझ्याच कापात अर्धं गेलं होतं, ते मूळ वेव्ह फाइलमधून परत आणून जोडलं.

मूळ वेव्ह फाइल आणि `.aup3` प्रकल्प दोन्ही जपून ठेवा, भाग प्रसिद्ध झाल्यावरही. आमच्या प्राध्यापकांनी नवी आवृत्ती ऐकून फोन केला आणि ३८व्या मिनिटाला त्यांच्याकडून विहिरीच्या खोलीचा आकडा चुकीचा बोलला गेला होता असं सांगितलं. त्यांनी दुरुस्तीचं वाक्य फोनवर मुद्रित करून पाठवलं, प्रकल्प तसाच असल्याने ते वीस मिनिटांत बसलं.